डॉक्टर हॉस्पिटल सोडतात, तेव्हा त्यांच्या रुग्णांचं काय होतं? नोटीस पीरियडपासून केस हँडओव्हरपर्यंत सगळं समजून घ्या

"आमचे नेहमीचे डॉक्टर आता इथे बसत नाहीत म्हणे. ते कुठे गेले, कोणाला माहीत आहे का?" शहरांच्या फेसबुक ग्रुपवर ही पोस्ट तुम्ही नक्की वाचली असेल. खाली कमेंटमध्ये कोणी नव्या हॉस्पिटलचं नाव देतं, कोणी फोन नंबर मागतं, तर कोणी विचारतं, "आमचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, आता काय?"

महत्त्वाचा प्रश्न या शेवटच्या कमेंटमध्ये आहे. डॉक्टरही नोकरी बदलतात आणि त्यात वावगं काही नाही. पण बँकेतला किंवा आयटी कंपनीतला कर्मचारी जातो तेव्हा मागे फायली राहतात. डॉक्टर जातात तेव्हा अर्धवट उपचार घेतलेली माणसं मागे राहतात. त्यांना कोणी सांगायचं, त्यांची माहिती पुढच्या डॉक्टरांकडे कशी पोहोचायची आणि मधल्या काळात काही बिघडलं तर जबाबदार कोण, हे आपण खासगी हॉस्पिटलचं एक उदाहरण घेऊन पाहूया.

राजीनामा दिला की काम लगेच थांबतं का?

नाही. खासगी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर साधारण दोन प्रकारे काम करतात. काही जण पगारी नोकरीत असतात. त्यांच्या हातात नेमणूकपत्र असतं आणि दर महिन्याला पगार मिळतो. काही जण 'कन्सल्टंट' असतात. त्यांचा हॉस्पिटलशी करार असतो आणि रुग्ण तपासण्याची किंवा ऑपरेशनची फी त्यांना ठरलेल्या वाट्याने मिळते. बाहेरून दोघांच्या केबिनवर पाटी सारखीच दिसते, पण राजीनाम्याचे नियम त्या-त्या कागदावर लिहिलेले असतात.

दोन्ही कागदांत नोटीस पीरियडचं कलम असतं. कनिष्ठ डॉक्टरांसाठी तो बऱ्याचदा एक महिना असतो, तर तज्ज्ञ डॉक्टरांसाठी तीन महिने. हा फरक समजण्यासारखा आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरांची जागा तुलनेने लवकर भरता येते. हृदयशस्त्रक्रिया किंवा कॅन्सरचा तज्ज्ञ शोधून, त्याची पात्रता तपासून, त्याला काम सुरू करून द्यायला वेळ लागतो.

नोटीसचा पहिला दिवस कोणता, यावरून पुढे वाद होतात. करारात 'लेखी नोटीस' असं लिहिलेलं असेल, तर वॉर्डात उभ्या उभ्या सांगितलेला राजीनामा धरला जात नाही. म्हणून एचआर आणि मेडिकल सुपरिंटेंडंट या दोघांना एकाच वेळी ईमेल पाठवून, त्यात राजीनाम्याची तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस दोन्ही लिहिणं योग्य. हा शेवटचा दिवस रुग्णांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असतो, कारण पुढच्या सगळ्या अपॉइंटमेंट त्यावरून ठरतात.

नोटीस न देताच डॉक्टर निघून गेले, तर हॉस्पिटल त्यांना अडवू शकतं का?

काम करायला भाग पाडू शकत नाही. माणसाच्या वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेला करार न्यायालय जबरदस्तीने पार पाडून घेत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. सोप्या भाषेत सांगायचं, तर "या सर्जनने आमच्याकडेच ऑपरेशन करावीत" असा आदेश हॉस्पिटलला मिळत नाही. हॉस्पिटल नुकसानभरपाई मागू शकतं. करारात नोटीसऐवजी पैसे भरण्याची सोय असेल, तर उरलेल्या दिवसांचा पगार कापून घेतला जातो.

तसंच, "सोडल्यानंतर दोन वर्षं या शहरात प्रॅक्टिस करणार नाही" असं कलम अनेक करारांत असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. नोकरी सुरू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट चालते. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी मात्र भारतीय न्यायालयांत सहसा टिकत नाही. त्यामुळे तुमचे डॉक्टर समोरच्याच रस्त्यावरच्या हॉस्पिटलमध्ये दिसले, तर त्यात बेकायदेशीर काही नाही.

सरकारी रुग्णालयात वेगळं काय असतं?

सरकारी सेवेत राजीनामा देणं आणि तो लागू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केल्याशिवाय डॉक्टर सेवेतून मोकळे होत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी सामूहिक राजीनाम्याच्या पत्रावर सह्या केल्या, तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने अशा सामूहिक पत्राला राजीनामा मानत नसल्याचं सांगितलं होतं. राजीनामा प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणि नियमानुसार द्यावा लागतो, अशी त्यांची भूमिका होती. म्हणूनच 'सर्व डॉक्टरांचे राजीनामे' अशी बातमी आली, तरी दुसऱ्या दिवशी ओपीडी सुरू दिसू शकते.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी डॉक्टरांच्या प्रकरणात एक पाऊल पुढे जाऊन निकाल दिला. तिथल्या सेवानियमांनुसार स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज सरकार जनहितासाठी नाकारू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. डॉक्टरांचा तुटवडा हे त्यामागचं मुख्य कारण होतं. हा निकाल स्वेच्छानिवृत्तीबद्दल होता. खासगी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या राजीनाम्याला तो लागू होत नाही.

जाण्याआधी रुग्णाला सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे का?

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांसाठी आचारसंहिता काढली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या जागी नवे नियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.

या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे की, एकदा रुग्णाची केस हाती घेतल्यावर डॉक्टरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये आणि रुग्णाला व कुटुंबाला पुरेशी सूचना दिल्याशिवाय केसमधून बाहेर पडू नये. म्हणजे हॉस्पिटलला दिलेली तीन महिन्यांची नोटीस ही एक नोटीस झाली. रुग्णाला द्यायची सूचना ही दुसरी. पहिली करारातून येते आणि दुसरी व्यवसायाच्या नियमातून. एक दिली म्हणून दुसरी आपोआप दिली, असं होत नाही.

'पुरेशी' म्हणजे किती दिवस, हे नियमात लिहिलेलं नाही. ते आजारावर अवलंबून आहे. सर्दी-खोकल्याच्या रुग्णाला वेगळं सांगायची गरज नाही. मधुमेहाचा रुग्ण दर तीन महिन्यांनी येत असेल, तर त्याला शेवटच्या भेटीत सांगायला हवं. ज्याचा उपचार मध्यावर आहे, त्याला मात्र पुढचा टप्पा ठरवण्याइतका वेळ मिळालाच पाहिजे.

एक उदाहरण: केमोथेरपी अर्धी झाली आणि डॉक्टर निघाले

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातलं वैद्यकीय वेळापत्रक नेहमीचं आहे.

एका जिल्ह्याच्या शहरातल्या खासगी हॉस्पिटलमध्ये कॅन्सरतज्ज्ञ काम करतात. त्यांनी १ जूनला राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस, म्हणजे शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. जुलैत त्यांच्याकडे स्तनाच्या कॅन्सरची ४६ वर्षांची रुग्ण आली. तिला आपण ताई म्हणूया. ताईंना डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या दोन औषधांचे चार डोस द्यायचे ठरले, दर २१ दिवसांनी एक. यातलं डॉक्सोरुबिसिन म्हणजे रुग्ण ज्याला 'लाल केमो' म्हणतात ते.

आता तारखा बघा. पहिला डोस १४ जुलै, दुसरा ४ ऑगस्ट, तिसरा २५ ऑगस्ट आणि चौथा १५ सप्टेंबर. चौथा डोस डॉक्टर गेल्यानंतर येतो, हे पहिला डोस देण्याच्या दिवशीच कॅलेंडरवर दिसत होतं. ताईंना सांगण्याची योग्य वेळ तीच होती, उपचार सुरू होण्याआधीची. "मी ३१ ऑगस्टपर्यंत आहे. तीन डोस मी देईन, चौथा इथले दुसरे डॉक्टर देतील. तुम्हाला सुरुवातीपासून दुसरीकडे उपचार घ्यायचे असतील, तर आत्ताच सांगा," एवढं बोललं तरी ताई निर्णय घेऊ शकतात. तिसऱ्या डोसनंतर सांगितलं, तर त्यांच्या हातात फारसे पर्याय उरत नाहीत.

आता तिसऱ्या डोसकडे बारकाईने पाहूया, कारण खरा धोका तिथे आहे. या केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. २५ ऑगस्टला डोस दिला, तर हा काळ येतो १ ते ८ सप्टेंबर. डॉक्टरांचा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. म्हणजे त्यांनी दिलेल्या औषधाचा सर्वांत धोक्याचा आठवडा ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. या दिवसांत १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो साधा ताप समजायचा नसतो. लगेच हॉस्पिटल गाठून, शक्य तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. ३ सप्टेंबरच्या रात्री ताईंना ताप आला आणि त्यांनी जुन्या डॉक्टरांचा हॉस्पिटलने दिलेला नंबर लावला, पण तो बंद लागला, तर तो तास तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट. पहिल्या डोसनंतर ताईंना असाच ताप आला होता आणि तीन दिवस ॲडमिट व्हावं लागलं होतं. म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या डोसपासून पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन सुरू केलं. ते केमोनंतर किमान २४ तासांनी द्यायचं असतं. दुसरा आणि तिसरा डोस त्यामुळे सुरळीत गेला. चौथ्या डोसला नव्या डॉक्टरांनी फाइल उघडली आणि त्यांना फक्त 'तीन डोस झाले, त्रास नाही' एवढंच दिसलं, तर ते इंजेक्शन लिहायचं राहून जाऊ शकतं. त्रास झाला नाही, कारण इंजेक्शन दिलं होतं. हे 'कारण' कागदावर नसेल, तर ते डॉक्टरांबरोबर निघून जातं.

तिसरी गोष्ट लाल केमोच्या हिशेबाची. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो आणि तो आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेनुसार वाढत जातो. म्हणून शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमची मर्यादा डॉक्टर पाळतात. ताईंना दर डोसला चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम मिळालं, म्हणजे तीन डोसमध्ये १८० आणि चौथ्यानंतर २४०. आज हा आकडा मर्यादेच्या बराच आत आहे. पण पाच वर्षांनी आजार उलटला आणि दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी किती दिलं होतं?" तर उत्तर कागदावर असायला हवं. 'केमो पूर्ण झाली' या वाक्यात ते मिळत नाही. सुरुवातीला केलेला टूडी इकोचा रिपोर्टही याच कारणासाठी सोबत हवा.

चौथी गोष्ट, वाटेत असलेला रिपोर्ट. २० ऑगस्टला ताईंचं रक्त आनुवंशिक तपासणीसाठी दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवलं होतं. रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागणार. लॅबच्या फॉर्मवर ईमेल जुन्या डॉक्टरांचा आहे, हॉस्पिटलच्या पत्त्यावरचा, आणि तो १ सप्टेंबरला बंद झाला. हा रिपोर्ट ताईंच्या ऑपरेशनचा निर्णय बदलू शकतो, तसंच त्यांच्या बहिणीला आणि मुलीला तपासणी करायला सांगू शकतो. तो आला, पण कोणी उघडलाच नाही, असं होऊ शकतं.

हे फक्त काल्पनिक उदाहरणातच घडतं, असं नाही. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,६४४ रुग्णांपैकी १,०९५ जणांचे काही ना काही रिपोर्ट घरी सोडल्यानंतर आले होते. त्यातल्या अनेक रिपोर्टबद्दल डॉक्टरांना माहितीच नव्हती. तिथे तर डॉक्टर नोकरीवर होते. डॉक्टरच बदलले, की हे छिद्र आणखी मोठं होतं.

मग चांगला हँडओव्हर कसा असतो?

रुग्णांच्या नावांची यादी म्हणजे हँडओव्हर नाही. शिफ्ट बदलताना वापरण्यासाठी 'आय-पास' नावाची एक पद्धत तयार झाली आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ती वापरल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ही पद्धत एका पाळीतून दुसऱ्या पाळीसाठी आहे, पण तिचे पाच भाग राजीनाम्याच्या हँडओव्हरलाही नीट लागू पडतात.

पहिला भाग, रुग्ण किती गंभीर आहे. दुसरा, आतापर्यंत काय झालं त्याचा थोडक्यात आढावा. तिसरा, पुढे काय करायचं, कोणी आणि कोणत्या तारखेला. चौथा, 'असं झालं तर असं करा' ही सूचना. पाचवा, ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजलं ते परत सांगणं.

ताईंच्या बाबतीत ही नोंद अशी दिसेल: "उपचार सुरू, १ ते ८ सप्टेंबर जास्त धोका. तीन डोस पूर्ण, डॉक्सोरुबिसिन एकूण १८० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. पहिल्या डोसनंतर पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप, तीन दिवस ॲडमिट. त्यानंतर प्रत्येक डोसला पेशी वाढवणारं इंजेक्शन, ते थांबवू नये. चौथा डोस १५ सप्टेंबर, आधी रक्ततपासणी. आनुवंशिक रिपोर्ट येणं बाकी, लॅबला नव्या डॉक्टरांचा ईमेल कळवला. १००.४ वर ताप आल्यास थेट कॅज्युअल्टी, रुग्णाला नंबर दिला आहे."

ही नोंद सात-आठ ओळींची आहे. पण ती लिहायला ताईंची फाइल डोक्यात असलेला माणूस लागतो. म्हणूनच हँडओव्हर शेवटच्या दिवशी संध्याकाळी करून भागत नाही. नोटीसच्या शेवटच्या महिन्यात रुग्णांचे तीन गट करावे लागतात: उपचार मध्यावर असलेले, रिपोर्ट यायचे असलेले आणि फक्त नियमित तपासणीचे. पहिल्या दोन गटांतल्या प्रत्येक रुग्णाची अशी स्वतंत्र नोंद हवी. शक्य असेल तिथे दोन्ही डॉक्टरांनी मिळून एक भेट घ्यावी, म्हणजे पाचवा भाग रुग्णासमोरच पार पडतो. नोंदीवर नव्या डॉक्टरांची सही आणि तारीख घेतली, तर पुढे वाद झाल्यास जाणारे डॉक्टरही सुरक्षित राहतात.

हे सगळं बहुतेक वेळा कुठे फसतं?

सर्वांत जास्त वेळा ते नोटीस पीरियड मध्येच तुटल्यामुळे फसतं. राजीनामा आला, की काही व्यवस्थापनं डॉक्टरांना "उद्यापासून येऊ नका" असं सांगतात. पगार पूर्ण देतात, पण कॉम्प्युटरचं लॉगिन त्याच दिवशी बंद करतात. डॉक्टर आपले रुग्ण सोबत नेतील, ही त्यामागची भीती असते. पैशाच्या दृष्टीने करार पाळला गेला. पण हँडओव्हरसाठी असलेले तीन महिने शून्य झाले. डॉक्टरांना घरी बसवायचंच असेल, तरी लॉगिन बंद करण्याआधी उपचार मध्यावर असलेल्या रुग्णांच्या नोंदी करून घेणं हॉस्पिटलच्याच फायद्याचं असतं.

उलट बाजूही आहे. काही डॉक्टर शेवटच्या आठवड्यात रुग्णांची यादी, फोन नंबर आणि रिपोर्टचे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन जातात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं ही डॉक्टरांची जबाबदारी असते आणि रुग्णाला न विचारता ती नव्या हॉस्पिटलच्या मार्केटिंग टीमकडे देणं हे त्या जबाबदारीच्या विरुद्ध आहे. पत्ता बदलल्याची औपचारिक जाहिरात देण्याची मुभा डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेत आहे. "मी आता अमुक ठिकाणी बसतो," एवढं सांगणं चालतं. "तिथे जाऊ नका, माझ्याकडेच या" हे रुग्ण ओढणं झालं आणि ते नियमात बसत नाही.

रुग्ण म्हणून तुम्हाला हँडओव्हर झाला की नाही, हे एका प्रश्नावरून ओळखता येतं. नव्या डॉक्टरांना विचारा, "माझ्या बाबतीत पुढे काय करायचं ठरलं होतं?" त्यांनी फाइल न चाळता किंवा नोंद बघून सांगितलं, तर हँडओव्हर झालाय. त्यांनी उलट तुम्हालाच "आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" असं विचारलं, तर झालेला नाही. रिसेप्शनवर "डॉक्टर रजेवर आहेत" हे उत्तर तीन-चार आठवडे मिळत राहिलं, तर ते गेले आहेत का, हे थेट मेडिकल सुपरिंटेंडंटना विचारा.

मधल्या काळात काही बिघडलं, तर जबाबदार कोण?

डॉक्टर गेले म्हणून हॉस्पिटलची जबाबदारी संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात म्हटलं होतं की, रुग्ण हॉस्पिटलमध्ये येतो तेव्हा तिथले डॉक्टर कायमचे नोकर आहेत की बाहेरून येणारे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यांच्या कामासाठी हॉस्पिटल उत्तरदायी असतं. ताईंचा चौथा डोस कोण देणार, याची सोय करणं हे हॉस्पिटलचं काम आहे. तसा तज्ज्ञ मिळालाच नाही, तर तसं वेळेत सांगून, कागदपत्रांसह दुसऱ्या केंद्रात पाठवणं हेही त्यांचंच काम.

जाणारे डॉक्टर मात्र आपण दिलेल्या उपचारांसाठी जबाबदार राहतात. ग्राहक आयोगात तक्रार करायला घटनेपासून साधारण दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे राजीनाम्यानंतरही नोटीस येऊ शकते. डॉक्टरांचा व्यावसायिक विमा बहुधा दावा दाखल होतो त्या वेळी चालू असावा लागतो. हॉस्पिटलच्या सामूहिक विम्यावर विसंबलेल्या डॉक्टरांनी म्हणून जुन्या काळाचं संरक्षण नव्या पॉलिसीत आहे का, हे निघण्याआधी तपासायला हवं.

सोनोग्राफीच्या डॉक्टरांचं वेगळं काय आहे?

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीत तिथल्या डॉक्टरांची नोंद असते. त्यात बदल होणार असेल, तर किमान ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला कळवून प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं. म्हणून रेडिओलॉजिस्टने एका आठवड्यात नोकरी सोडली, तर हॉस्पिटल दुसऱ्या दिवशी नवा माणूस मशिनवर बसवू शकत नाही. गरोदर स्त्रीला "सोनोग्राफी बाहेरून करून आणा" असं अचानक सांगितलं जातं, त्यामागे कधी कधी हे कारण असतं.

डॉक्टरांच्या मागे जायचं, की त्याच हॉस्पिटलमध्ये राहायचं?

निवड तुमची आहे. जुन्याच डॉक्टरांकडे राहण्याला आधारही आहे. २०१८ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २२ अभ्यासांचा आढावा आला होता. त्यातल्या १८ अभ्यासांत, एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. हा संबंध दिसतो, पण डॉक्टर एकच असणं हेच त्याचं कारण आहे, असं त्यावरून सिद्ध होत नाही.

दुसऱ्या बाजूला पैशाचा हिशेब आहे. कॅशलेस विम्याची किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी त्या विशिष्ट हॉस्पिटलला मिळालेली असते. डॉक्टरांबरोबर ती आपोआप हलत नाही. नवं हॉस्पिटल त्या यादीत आहे का आणि तिथून पुन्हा मंजुरी मिळायला किती दिवस लागतील, हे आधी विचारा. ताईंच्या बाबतीत चौथ्या डोसला फक्त काही दिवस उरले असतील, तर तो त्याच हॉस्पिटलमध्ये घेणं आणि त्यानंतरचा टप्पा जुन्या डॉक्टरांकडे सुरू करणं हा मधला मार्ग निघू शकतो.

तुमचे डॉक्टर जाणार असतील, तर काय मागायचं?

१. शेवटच्या भेटीत उपचारांचा लेखी सारांश मागा. त्यात निदान, दिलेली औषधं आणि त्यांची एकूण मात्रा, झालेला त्रास आणि पुढच्या टप्प्याची तारीख हवी.

२. कोणते रिपोर्ट यायचे आहेत आणि ते आता कोणाकडे येणार, हे विचारा. लॅबला स्वतः फोन करून आपला नंबर द्या.

३. रात्री-अपरात्री काही झालं, तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे लिहून घ्या. तो नंबर डॉक्टरांचा नको, हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा हवा.

४. ॲडमिट असतानाच्या कागदपत्रांची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. मात्र या नोंदी जपून ठेवण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचंच आहे, त्यामुळे "नंतर घेऊ" म्हणू नका.

५. ऑपरेशन ठरलेलं असेल आणि सर्जन बदलणार असतील, तर नव्या सर्जनना ऑपरेशनआधी भेटा. संमतीपत्रावर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचंच नाव आहे ना, हे सही करण्याआधी वाचा.